जपानीच्या पहिल्या तासाला स्वतःची ओळख: सात वाक्यं आणि त्यांच्यावरच्या टिपा

प्रश्न: पुढच्या आठवड्यापासून जपानीचा वर्ग सुरू होतोय. पहिल्याच तासाला प्रत्येकाने जपानीत अर्धा मिनिट स्वतःची ओळख करून द्यायची आहे. मला अजून लिपी येत नाही, व्याकरण तर काहीच नाही. नाव मानसी, नोकरी करते, संगीत आवडतं. देवनागरीत लिहिलेला छोटा परिचय कुणी देईल का? नुसतं पाठ करायचं नाही, कुठला शब्द काय करतो तेही कळायला हवं.

उत्तर: आधी मजकूर, मग टिपा. ‘न्’ सोडून जिथे हलन्ताची खूण (्) आहे तिथे शेवटचा स्वर लिहिला जातो, पण ऐकू येत नाही. जिथे स्वर दोनदा लिहिला आहे (ओओ) तिथे तो दुप्पट वेळ धरायचा आहे.

हाजिमेमाश्ते.
मानाशि देस्.
इंदो कारा किमाश्ता.
काइशाइन् देस्.
ओंगाकु गा स्की देस्.
निहोंगो वा हाजिमेते देस्.
दोओजो योरोश्कु ओनेगाइ शिमास्.

अर्थ साधारण असा: पहिल्यांदाच भेटतोय आपण. मी मानसी. भारतातून आले आहे. नोकरी करते. संगीत आवडतं. जपानी मी पहिल्यांदाच शिकते आहे. लोभ असावा, ही विनंती.

शेवटच्या वाक्याचा तो अर्थ गमतीने दिलेला नाही. त्या वाक्याला नेमका प्रतिशब्द नाही असं बहुतेक पुस्तकं सांगतात, पण आपल्याकडे पत्राच्या शेवटी जे लिहायची पद्धत होती ते अगदी त्याच जागी बसतं. ‘ओनेगाइ’ म्हणजे विनंती, आणि ‘योरोश्कु’ म्हणजे चांगल्या प्रकारे, सांभाळून. आता आपला संबंध जुळतोय, तो नीट राहू द्या, एवढंच त्यात आहे. ‘दोओजो’ने त्याला थोडी अदब येते. तो विसरलात तरी वाक्य अडत नाही. ‘योरोश्कु’ एवढंच म्हणून थांबलात तर मात्र ते मित्रांमधलं बोलणं होतं, शिक्षकांसमोर चालत नाही.

पहिलं वाक्य ‘हाजिमेमाश्ते’ आयुष्यात एका माणसाशी एकदाच म्हणायचं असतं. दुसऱ्या तासाला त्याच लोकांसमोर पुन्हा म्हणालात तर मागची भेट विसरलात असा अर्थ होतो. आणि ते सहाव्या वाक्यातल्या ‘हाजिमेते’शी गुळमुळीत होऊन मिसळतं, म्हणून दोन्ही वेगवेगळे घोकून ठेवा. ‘हाजिमेमाश्ते’ हे अभिवादन आहे, ‘हाजिमेते’ म्हणजे नुसतं ‘पहिल्यांदा’.

मी कुठे गेला?

सातही वाक्यांत ‘मी’ नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ‘मी’ला शब्द आहे, ‘वाताशि’, आणि तो वर्गात बाई-पुरुष दोघांनाही चालतो. पण तुम्ही उभ्या राहून स्वतःबद्दल बोलताय हे सगळ्यांना दिसतंच आहे, तेव्हा तो गाळतात. मराठीतही ‘नाव मानसी, नोकरी करते, संगीत आवडतं’ असं आपण सहज म्हणतो. तुमचा प्रश्नच तसा लिहिलेला आहे. पण परकी भाषा म्हटली की आपण इंग्रजीच्या वाटेने विचार करतो आणि प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी ‘वाताशि वा’ लावतो. व्याकरणात ते चुकीचं नाही, कानाला मात्र सारखं ‘मी, मी, मी’ ऐकू येतं. फार तर दुसऱ्या वाक्यात एकदा म्हणा, ‘वाताशि वा मानाशि देस्’, आणि पुढे सोडून द्या.

‘देसु’ म्हणजे ‘आहे’, पण सगळीकडे नाही

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, आणि तो मराठी माणसाचा खास घोटाळा आहे. आपलं ‘आहे’ निदान तीन कामं करतं. ‘मी शिक्षिका आहे’ यात ते दोन गोष्टी एकच असल्याचं सांगतं. ‘मला धाकटा भाऊ आहे’ यात ते अस्तित्व सांगतं. ‘मी शिकत आहे’ यात ते क्रियापदाला जोडलेलं शेपूट आहे. जपानीत या तिघांची सोय वेगवेगळी. ‘देसु’ फक्त पहिलं काम करतो.

म्हणून भावाबद्दल सांगताना ‘ओतोओतो देस्’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला कळतं ‘मी धाकटा भाऊ आहे’. बाईच्या तोंडून ते ऐकल्यावर वर्ग हसणार. योग्य वाक्य ‘ओतोओतो गा इमास्’. ‘इमासु’ हा सजीवांच्या असण्याचा शब्द, निर्जीव वस्तूंसाठी ‘आरिमासु’. पहिल्या परिचयात मी कुटुंब मुद्दाम घातलं नाही ते यासाठीच. घालायचंच असेल तर हे एक वाक्य जसंच्या तसं घ्या, बदल करायला जाऊ नका.

वा, गा, कारा

हे तीन छोटे शब्द आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे नामाच्या मागे लागतात, नि क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे शब्दांचा क्रम तुम्हाला शिकावाच लागत नाही. ‘इंदो कारा किमाश्ता’ हे ‘भारत–हून–आले’ असं एकास एक जुळतं. शिवाय ‘किमाश्ता’ला लिंग-वचन नाही. आलो, आली, आले, आल्या, सगळ्यांना तेच. मात्र ‘कारा’ गाळू नका. ‘इंदो किमाश्ता’ म्हटलंत तर भारतातून आलात की भारतात आलात, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं.

‘गा’ आणि ‘वा’मधला फरक पहिल्या दिवशी पूर्ण कळणार नाही, तसा आग्रहही धरू नका. आत्ता एवढं पुरे: ‘वा’ म्हणजे ‘अमक्याबद्दल म्हणाल तर’. ‘निहोंगो वा हाजिमेते देस्’ म्हणजे ‘जपानीचं म्हणाल तर, पहिल्यांदाच’.

‘ओंगाकु गा स्की देस्’ या वाक्यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे मराठी तुमच्या बाजूने आहे. ‘मला संगीत आवडतं’ यात आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी असते, क्रियापद तिच्याप्रमाणे बदलतं: चहा आवडतो, भाजी आवडते. जपानीतही आवडणारी वस्तू कर्त्याचाच ‘गा’ घेते. इंग्रजीतून विचार करणारे इथे हटकून कर्माचा प्रत्यय ‘ओ’ लावतात. तुम्ही मराठीतून विचार केलात तर ती चूक होणारच नाही. फक्त ‘मला’मधला ‘ला’ तिकडे नेऊ नका. ‘वाताशि नि ओंगाकु गा स्की देस्’ हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचं आवडतं चुकीचं वाक्य आहे. ‘मला’ म्हणायचंच असेल तर ‘वाताशि वा’.

संगीताऐवजी पुस्तकं असतील तर ‘होन् गा’, चित्रपट असतील तर ‘एएगा गा’, स्वयंपाक असेल तर ‘र्योओरि गा’. पुढे ‘स्की देस्’ तसंच. या जागी माणसाचं नाव मात्र घालू नका. ‘अमुक-सान् गा स्की देस्’ हे सरळसरळ प्रेमाची कबुली दिल्यासारखं ऐकू येतं. मराठीत तरी ‘मला तो आवडतो’ कुठे वेगळं आहे म्हणा.

स्वतःला ‘सान्’ लावायचं नाही

दुसऱ्याच्या नावामागे ‘सान्’ लागतो, आपल्या नावामागे कधीच नाही. ‘मानाशि-सान् देस्’ म्हणजे ‘मी मानसीताई’ किंवा ‘मी मानसी मॅडम’ असं झालं. कुणी ‘ओनामाए वा?’ असं विचारलं, म्हणजे ‘आपलं नाव?’, तर त्यातला ‘ओ’ हा समोरच्याला दिलेला मान आहे. उत्तरात तो उचलून ‘ओनामाए वा मानाशि देस्’ म्हणणं म्हणजे ‘माझं शुभनाव मानसी’. आपल्याकडेही लोक असं म्हणतात आणि ऐकणारा गालात हसतो. उत्तर नुसतं ‘मानाशि देस्’ द्या.

व्यवसायातही हीच खोच आहे. शिक्षकांना हाक मारताना ‘सेन्सेइ’ म्हणतात, पण तुम्ही स्वतः शिक्षिका असाल तर ओळख देताना ‘क्योओशि देस्’. ‘सेन्सेइ’ हा मानाचा शब्द आहे, तो दुसऱ्यांनी द्यायचा. ‘काइशाइन्’च्या जागी बाकीच्यांना घालता येतील असे शब्द: विद्यार्थ्यांना ‘गाक्सेइ’, इंजिनिअरला ‘एंजिनिया’, गृहिणीला ‘शुफु’. सध्या नोकरी नसेल किंवा निवृत्त असाल तर ‘शिगोतो वा श्ते इमासेन्’, म्हणजे ‘काम करत नाही’. ते खाली मान घालून सांगण्याचं वाक्य नाही, साधी माहिती आहे.

‘तुम्ही’साठी पुस्तकात ‘आनाता’ सापडेल. तो वापरू नका. शिक्षकांना तर मुळीच नाही. समोरच्याचं नाव घेऊन ‘सान्’ लावायचा, शिक्षक असतील तर ‘सेन्सेइ’ म्हणायचं.

मानसीचं ‘मानाशि’ का झालं?

जपानी अक्षरमालेत स, शि, सु, से, सो अशी ओळ आहे. तिच्यात ‘सि’ नाहीच, त्यामुळे ‘सी’ची ‘शि’ होते. ‘न’ला आपण मराठीत अर्धवट सोडतो, पण लिहिताना तो पूर्ण असतो, म्हणून ‘ना’. उच्चाराशी इमान राखायचं असेल तर ‘मान्’ आणि ‘शी’ दोन्ही लांबवून ‘माआन्शिइ’ असंही लिहिता येतं. दोन्ही चालतात, पण एक ठरवा आणि हजेरीपासून वहीपर्यंत तेच ठेवा. नंतर बदललंत तर कागदावर दोन माणसं तयार होतात.

इतर नावांना नियम थोडेच आहेत. ‘ल’ आणि ‘ळ’ दोन्हींचा ‘र’ होतो. ‘व’चा बहुतेक वेळा ‘ब’ होतो. शेवटी ‘न’ सोडून दुसरं व्यंजन असेल तर त्याला बहुधा ‘उ’ जोडला जातो, ‘त’ आणि ‘द’ असेल तर ‘ओ’. म्हणून विशालचं ‘बिशारु’ आणि अमितचं ‘आमित्तो’. ऐकायला विचित्र वाटेल, पण आपल्या पद्धतीने नाव सांगितलंत तर शिक्षकांना ते लिहून घेता येणार नाही. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे घालू नका. नाव, मधलं नाव, आडनाव अशा तिहेरी मांडणीत कुठल्या नावाने हाक मारायची तेच समोरच्याला कळत नाही. वर्गात ज्या नावाने हाक मारलेली आवडेल ते एकच सांगा.

उच्चार

सगळ्यात आधी मात्रा. जपानीत प्रत्येक अक्षराला एक ठोका मिळतो, आणि हा हिशेब वृत्त मोजण्यासारखा आहे. फक्त तिकडे ‘न्’लाही स्वतःचा ठोका असतो. बोटांनी टेबलावर ठोके देत म्हणा: इ–न्–दो–का–रा–कि–मा–शि–ता, नऊ ठोके. दोओजो म्हणजे तीन: दो–ओ–जो. संपूर्ण परिचय एकसष्ट ठोक्यांचा आहे. सावकाश, वाक्यांमध्ये श्वास घेत म्हटलात तर पंचवीसेक सेकंद लागतील. पंधरा सेकंदांत संपला तर तुम्ही ‘ओओ’ आणि ‘न्’ खाताय. हा फरक शोभेचा नाही. ‘ओबासान्’ म्हणजे मावशी-काकू, ‘ओबाआसान्’ म्हणजे आजी.

आपल्याकडचं उलटं संकटही आहे. देवनागरीत ‘का, रा, मा’ लिहिलं की आपण आ ओढतो. जपानी ‘आ’ची जात आपल्या ‘आ’ची आहे, लांबी मात्र आपल्या ‘अ’ची. ‘काऽराऽ’ नाही, तुटक ‘का-रा’.

मग न ऐकू येणारे स्वर. ‘इ’ आणि ‘उ’ हे दोन स्वर क, स, श, त, च, ह, प अशा कठोर व्यंजनांच्या मधे सापडले, किंवा त्यांच्या मागून वाक्याच्या शेवटी आले, की त्यांचा आवाज जातो. म्हणून ‘देसु’चा ‘देस्’, ‘सुकि’चा ‘स्की’, ‘शिता’चा ‘श्ता’. आपण ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो, त्यातलाच प्रकार. ठोका मात्र शिल्लक राहतो. ‘श्’ क्षणभर धरून मग ‘ता’. आणि हा नियम आंधळेपणाने लावू नका: ‘ओंगाकु गा’मध्ये ‘कु’च्या पुढे मृदू ‘ग’ आहे, म्हणून तिथला ‘उ’ ऐकू यायला हवा.

अनुस्वाराची चिंता करू नका. अंग, अंत, अंब या शब्दांत आपला अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे ङ्, न्, म् होतो. जपानी ‘न्’ही तसाच वागतो, म्हणून ‘निहोंगो’ आणि ‘ओंगाकु’ मराठी पद्धतीने वाचलंत की बरोबर येतात. ‘ज’चंही तसंच. ‘हाजिमे’मधला ज ‘जिरे’मधला, ‘दोओजो’मधला ज ‘जोर’मधला. मराठी जीभ हा फरक आपोआप करते. हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या सवयीने वाचलंत तरच बिघडतं. त्या सवयीचाच दुसरा बळी म्हणजे ‘इंडो’. त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून म्हणायचे, ट आणि ड नकोत.

‘सेन्सेइ’ लिहिताना शेवटी ‘इ’ आहे, पण बोलताना ‘सेन्सेए’, ए लांबवायचा. ‘गाक्सेइ’चंही तेच.

लिपी शिकायला लागलात की सहाव्या वाक्यात एक सापळा दिसेल. ‘वा’ हा प्रत्यय लिहायला ‘हा’चं अक्षर वापरतात, आणि त्याच्या लगेच पुढे ‘हाजिमेते’चा ‘हा’ येतो. म्हणजे कागदावर एकच अक्षर सलग दोनदा. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे नवखा माणूस ‘निहोंगो हाहा’ असं वाचतो, आणि ‘हाहा’ म्हणजे आई. पहिलं ‘वा’ वाचायचं, दुसरं ‘हा’.

वर्गात प्रत्यक्ष म्हणताना

शेवटचं वाक्य पूर्ण करा, मग वाका. बोलता बोलता वाकलात तर ‘शिमास्’ जमिनीला ऐकू जातं. हात जोडायची गरज नाही. ते बाजूला सरळ, किंवा पुढे एकावर एक. साधारण तीस अंश, पाठ सरळ, एक क्षण थांबून वर. ऑनलाइन तास असेल तर बसल्या जागी मान आणि खांदे झुकवले तरी पुरे. दुसऱ्या कुणाचा परिचय संपला आणि त्यांनी तुमच्याकडे पाहून ‘योरोश्कु ओनेगाइ शिमास्’ म्हटलं, तर उत्तर ‘कोचिरा कोसो’, म्हणजे ‘छे, ते तर मीच म्हणायला हवं’.

परिचयानंतर शिक्षक एखादा प्रश्न टाकतीलच. बहुधा तो तुम्ही सांगितलेल्यातूनच निघतो: ‘दोन्ना ओंगाकु गा स्की देस् का?’, कसलं संगीत आवडतं? शेवटी ‘का’ आला की प्रश्न आहे हे ओळखायचं. मराठीत ‘येतोस का?’ म्हणतो तोच ‘का’, त्याच जागी, त्याच कामाला. उत्तरात प्रकाराचं नाव घेऊन ‘देस्’ लावलात तरी भागतं. प्रश्न कळलाच नाही तर गप्प उभं राहू नका, मराठी-इंग्रजीतही जाऊ नका. ‘सुमिमासेन्, मोओ इचिदो ओनेगाइ शिमास्’ म्हणा: माफ करा, पुन्हा एकदा सांगाल का. यातला ‘ओनेगाइ शिमास्’ तुम्हाला आधीच येतोय, त्यामुळे नवीन पाठ करायचे शब्द तीनच आहेत.